प्रतिसाद: सकाळची मळमळ आणि शेंबूड

"नाक चोंदलं की सकाळी ब्रश करताना उमासे का येतात? पित्त आहे का?"

पित्त असेल तर तोंड आंबट होतं, छातीत जळजळतं. माझ्या मुलीला तसं काहीच नव्हतं; उलटीत फक्त पांढरा, तार सुटणारा चिकट शेंबूड पडायचा आणि लगेच बरं वाटायचं. शेंबूड आपण दिवसभर नकळत गिळतोच. झोपेत मात्र गिळणं फार कमी होतं, तोंडाने श्वास घेतल्याने तो सुकून घट्ट होतो आणि घशाच्या मागच्या भिंतीला चिकटतो. उमासा येण्याची जागा नेमकी तीच, त्यात ब्रश जिभेच्या मुळाशी लागतो. जो पोटात गेला, तो रिकाम्या पोटी ढवळतो.

आम्ही झोपण्यापूर्वी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतो, उशी उंच ठेवतो आणि उठल्यावर आधी कोमट पाणी, ब्रश नंतर.