मदत हवी आहे: तो प्रत्येक बेताला 'मला काहीही चालेल' म्हणतो, त्याच्या मनातलं कसं कळणार?

मिरजकर_मुलगी:
मी २७ वर्षांची, मिरजेत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तीन महिन्यांपासून एका मुलाला भेटतेय. तो कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे आणि सांगलीत राहतो. स्वभावाने शांत, वेळेला पक्का. घरी अजून सांगितलेलं नाही, पण माझ्या मनात लग्नापर्यंतचा विचार आहे.

अडचण एकच. कुठं जायचं, काय खायचं, किती वाजता भेटायचं, काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं: "मला काहीही चालेल, तू ठरव." सुरुवातीला बरं वाटायचं. मागच्या रविवारी मात्र फार वाईट वाटलं. मी सागरेश्वरला हरणं बघायला जाऊ म्हटलं, सकाळी नऊला निघू म्हटलं. तो "चालेल" म्हणाला. गाडी त्यानेच चालवली. तिथं पोचल्यावर मी बाटली भरून आणेपर्यंत हा झाडाखाली बसल्या बसल्या झोपलेला, हेल्मेट मांडीवर तसंच. उठवल्यावर कळलं, त्या आठवड्यात त्याची थर्ड शिफ्ट होती. सकाळी सातला सुटून, आंघोळ करून थेट आला होता. रात्रभर जागून एवढी गाडी चालवली, माझ्यासाठी! "आधी सांगायचं ना" म्हटलं तर म्हणे, "तुझा मूड कशाला घालवू."

मला त्याच्यावर राग काढायचा नाही. त्याला काय हवंय ते मला खरंच जाणून घ्यायचंय. "खरं सांग, खरं सांग" असं मागे लागून बघितलं, तर तो आणखी गप्प होतो.

पैलवान_विटा:
ताई, जास्त विचार करताय. आम्हा पोरांना खरंच फरक पडत नाही. मिसळ काय अन् डोसा काय, पोट भरलं की झालं. तुम्ही ठरवा, तो खूश. माझी होणारी बायको सगळं ठरवते, मला एकदम निवांत वाटतं.

दंडोबा_भटक्या:
सांगलीजवळ फिरायला भरपूर आहे. दंडोबाचा डोंगर सकाळी लवकर गाठा, पावसाळ्यात तर फारच सुंदर. औदुंबरला नदीकाठी बसा. आमराईत संध्याकाळी चालायला जा. जागा चांगली निवडली की माणूस आपोआप बोलका होतो.

मिरजकर_मुलगी:
दादा, धन्यवाद, पण जागा मला माहीत आहेत. त्याला कुठली हवी ते माहीत नाही.

घरोघरी_फिरलेला:
मी अकरा वर्षं जत, कवठेमहांकाळ भागात घरोघरी जाऊन सर्वेक्षणाची कामं केली. दिवसभर प्रश्न विचारणं हेच काम. त्यातून कळलेलं सांगतो.

आम्ही नवीन असताना विचारायचो, "नळाचं पाणी वेळेवर येतं ना?" सगळे म्हणायचे, येतं की. मग जुन्या साहेबांनी शिकवलं, असं विचारा: "शेवटचं पाणी कधी आलं? त्या दिवशी किती घागरी भरल्या?" तेव्हा कळलं, चार दिवस पाणीच नव्हतं. माणसं खोटं बोलत नव्हती. समोरच्याला जे ऐकायचंय ते प्रश्नातच असेल, तर माणूस होकार देऊन मोकळा होतो.

तुमचा प्रश्न बघा: "सागरेश्वरला जाऊ, नऊला निघू, चालेल ना?" यात त्याला फक्त हो म्हणायला जागा आहे. नाही म्हणायचं तर तुमचा बेत मोडावा लागतो. म्हणून आधी बेत सांगू नका, आधी त्याचा दिवस विचारा. "या आठवड्यात कुठली शिफ्ट? रविवारी झोप कधी पूर्ण होते?" ही माहिती आहे, आवडनिवड नाही, त्यामुळे ती द्यायला त्याला संकोच वाटणार नाही. बेत त्यानंतर.

दुसरं, पुढचं विचारण्यापेक्षा मागचं विचारा. "तुला काय आवडतं?" याला उत्तर देणं अवघड असतं. "आपण जिथं जिथं गेलो, त्यातलं एक परत करायचं तर कुठलं, आणि एक वगळायचं तर कुठलं?" याला उत्तर सापडतं. विचारून झालं की थांबा. मधली शांतता आपणच भरून काढतो आणि उत्तर हातचं घालवतो.

पैलवानांचं म्हणणं खाण्यापिण्यापुरतं बरोबर असेल. मिसळ की डोसा याच्या मागे लागूच नका. पण वेळ, पैसा, अंतर आणि थकवा या चार गोष्टींत "चालेल" आलं तर जरूर खात्री करा. तिथं "चालेल"च्या आत बहुतेक वेळा अडचण असते.

सुमनकाकू_सांगली:
बाळा, आमच्या लग्नाला ३१ वर्षं झाली. आमचे हे पण असेच. लग्न नवीन होतं तेव्हा एकदा म्हणाले, "नदीवर जाऊन भडंग खात बसू." मी म्हटलं, "नदीवर काय बसायचं, सिनेमाला जाऊ." त्यात मला काहीच वाटलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी नणंदेकडून कळलं की त्यांच्या घरी पाच भाऊ, कुणी काही मागितलं की सासरे ओरडायचे, "तुझंच वेगळं कसं?" एवढ्यातून वाढलेल्या माणसानं एकदा तोंड उघडलं होतं, ते मी बंद केलं. तू आठव, त्यानं कधीतरी काही सुचवलं होतं का?

मिरजकर_मुलगी:
काकू, तुमचं वाचून मी दुकानात काउंटरवर थांबूनच गेले. सुचवलं होतं. दुसऱ्याच भेटीत म्हणाला होता, "हरिपूरला संगमावर जाऊया?" मी म्हटलं, "तिथं काय आहे, लहानपणापासून बघतेय." आणि त्याला विश्रामबागच्या कॅफेत घेऊन गेले. त्यानंतर त्याने एकही जागा सुचवलेली नाही.

घरोघरी_फिरलेला:
मग तुमचं उत्तर काकूंनीच शोधून दिलं. पण लगेच "तू हरिपूर म्हणाला होतास ना, चल जाऊ" असं करू नका. तो पुन्हा तुमच्या मनासाठीच "चालेल" म्हणेल. आधी त्या दिवसाबद्दल चूक झाली म्हणा, मग मोकळा प्रश्न विचारा. तो काहीही म्हणाला तरी "का" विचारायचं नाही, त्यात सुधारणा सुचवायची नाही. पहिले दोन-तीन वेळा तो म्हणेल तसंच्या तसं करा, गैरसोयीचं असलं तरी.

पैलवान_विटा:
हे मला पटलं नाही. तिला नको असेल तरी जायचं? मग तीही "चालेल"वालीच झाली की.

घरोघरी_फिरलेला:
मुद्दा बरोबर आहे. तिला खरंच त्रास होणार असेल तर तिनं सांगावंच. पण नुसतं कंटाळवाणं वाटत असेल तर एक संध्याकाळ द्यावी, असं मला वाटतं.

मिरजकर_मुलगी (आठवड्यानंतर):
या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट होती, आधीच विचारून घेतलं. फोनवर म्हटलं, "त्या दिवशी हरिपूरचं मी उडवून लावलं, ते चुकलं माझं." तो हसला आणि म्हणाला, "असू दे गं." मग विचारलं, आजवर जिथं गेलो त्यातलं एक वगळायचं तर कुठलं. आधी "सगळंच छान होतं." मी काही बोललेच नाही. किती तरी वेळ मागे फक्त त्याच्या घरचा पंखा ऐकू येत होता. मग म्हणाला, "कॅफे. तिथं गाणी एवढी मोठ्यानं असतात, दिवसभर मशीनचा आवाज ऐकून परत तेच." तीन महिन्यांत आम्ही चार वेळा तिथंच गेलो होतो.

रविवारी कुठं, ते त्यानेच सांगितलं: हरिपूर, पण ऊन उतरल्यावर, साडेपाचनंतर. कृष्णा-वारणेच्या संगमावर घाटाच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बसलो. वडिलांबद्दल, गावाकडच्या रानाबद्दल बराच बोलला. परत येताना जेवायला कुठं थांबायचं विचारलं तर पुन्हा "काहीही चालेल". ते खरंच तसं होतं का, ते मला अजून ओळखता येत नाही.

सुमनकाकू_सांगली:
जेवणाचं राहू दे सध्या. शिफ्ट मात्र दर आठवड्याला विचारत जा.