मदत हवी आहे: अर्धी आलेली यादी गिऱ्हाइकाकडून पुन्हा कशी मागवू?

अमळनेर_किराणा
आखाजीची गर्दी आहे. महिन्याचं खातं असलेल्या एका मावशींच्या यादीचा फोटो आला. सतरा जिन्नस नीट वाचता येतात. अठराव्या ओळीत 'हरभरा डाळ' एवढंच दिसतं, वजन नाही. मावशींना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पोऱ्याच्या हाती चिठ्ठी धाडायची आहे. मजकूर सुचवा. आपण त्यांची चूक काढतोय असं वाटायला नको.

तापीकाठ
चिठ्ठी कशाला? वहीत मागच्या महिन्याची यादी बघा आणि उरलेलं भरून टाका.

जुना_गल्ला
इतर महिन्यांत वही बघून चालून जाईल, आखाजीला नाही. लेकी माहेरी येतात. एरवी अर्धा किलो हरभरा डाळ नेणारं घर पुरणासाठी तीन किलो नेतं आणि गूळही त्याच मानाने वाढतो.

आधी फोटोवर बोट दाबून तो पूर्ण उघडा. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये उभा फोटो वरून-खालून कापलेला दिसतो. टाइप केलेली लांब यादी असेल तर शेवटी 'Read more' असतं, ते दाबायचं राहून जातं. तरीही अर्धीच असेल तर असं लिहा:

> ती. मावशींना सा. न.
> आपल्या यादीचा फोटो मिळाला. साखरेपासून पोह्यांपर्यंत सतरा जिन्नस वाचता आले, ते मागे उतरवून दिले आहेत. पुढे 'हरभरा डाळ' दिसते, वजन फोटोत आलं नाही. डाळीपासून शेवटपर्यंतचा भाग वजनासकट याच कागदावर लिहून मुलाजवळ द्यावा. पूर्ण यादी नव्याने दिलीत तर तीच धरू, आधीची रद्द समजू.

'रद्द' हा शब्द गाळू नका. तो नसला तर दोन्ही याद्या भरल्या जातात आणि साखर दोनदा जाते. अर्धी ओळ आलेल्यांत मोजू नका. उतरवताना 'जिरे १००' असं काही असेल तर ग्रॅम की रुपये, तेही तिथेच विचारून घ्या. आपल्याकडे लोक दोन्ही अर्थांनी लिहितात.

भुसावळ_लाईन
डाळ संपली असेल तर तसं स्पष्ट सांगा ना. आमच्या दुकानदाराने न विचारता वाटाण्याची डाळ दिली होती, पुरण बिघडलं.

अमळनेर_किराणा
डाळ भरपूर आहे हो, वजन कळत नाहीये. फोटो पूर्ण उघडून पाहिला, कागदच तिथे कापलाय. मग सतरा जिन्नस आज चिठ्ठीसोबतच पाठवू का?

तापीकाठ
पाठवा. सणाचं घर अडून राहायला नको.

जुना_गल्ला
मी थांबेन. खालच्या भागात 'वरची साखर दोन किलो वाढवा' असंही असू शकतं. मग दोन फेऱ्या आणि खात्यात दोन नोंदी. पण घर लांब नसेल तर तुमचं तुम्ही ठरवा.