सेकंडहँड बाइक बघताना आधी इंजिन की आधी हँडल?

अनिकेत, कळवा
पहिलीच बाइक घेतोय. कोपरखैरणेत एक २०१८ ची १५० सीसी बघितली आहे, कार्ब्युरेटरवाली, ३४ हजार किलोमीटर चाललेली. मालक ४८ हजार म्हणतोय. रविवारी जातोय, ओळखीचा मेकॅनिक नाही. अर्ध्या तासात मी स्वतः काय तपासू आणि सुरुवात कुठून करू?

रमेशकाका, नौपाडा
इंजिनापासून. बाकी सगळं बदलता येतं, पण इंजिन खोललं की खिसा रिकामा. सेल्फ मार आणि सायलेन्सरमागे उभा राहा. निळा धूर दिसला की बोअर-पिस्टन गेलं समज आणि तिथूनच परत फिर.

दत्ता, ऐरोली (गॅरेज)
काका, मी उलटं सांगेन. पहिली दहा मिनिटं इंजिन बंदच ठेव. सायलेन्सरच्या बेंडला हात लाव. सकाळी आठला तो कोमट लागला तर मालकाने तू यायच्या आधी गाडी तापवून ठेवली आहे, आणि थंड इंजिन जे बोलतं ते आता तुला ऐकू येणार नाही. सरळ सांग, उद्या परत येतो, माझ्यासमोर सुरू करा.

आणि निळा धूर दिसला म्हणजे बोअर गेलंच असं नाही. तो कधी येतो ते बघ. रात्रभर उभ्या गाडीला पहिल्या स्टार्टला येऊन थोड्या वेळात थांबला तर बहुतेक व्हॉल्व सील कडक झालेत. ते काम बोअर किटपेक्षा बरंच स्वस्त. गाडी गरम झाल्यावरही ॲक्सिलरेटर पिळला की दर वेळी निळा येत राहिला तर रिंगा गेल्या. हे चालवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून मालकाला चालवू दे आणि तू मागे उभा राहून बघ. पावसाळी सकाळी पांढरी वाफ येते, ती वेगळी. तिला घाबरू नकोस.

आता त्या दहा मिनिटांत काय करायचं ते. गाडी डबल स्टँडवर घे, कुणाला तरी मागची सीट खाली दाबायला सांग म्हणजे पुढचं चाक उचलेल. दोन बोटांनी हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. मधोमध, चाक सरळ असताना, खाच्यात पडल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गळ्यातलं बेअरिंग, गेला. मग खाली बसून पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाय तळाशी धर आणि पुढे-मागे हलव. वर कुठे कट-कट जाणवली तरी कोनसेटच, पण तो फक्त ढिला असेल, आवळूनही भागू शकतं.

रमेशकाका, नौपाडा
कोनसेटचे पैसे ते किती! त्यावरून गाडी ठरवायची?

दत्ता, ऐरोली (गॅरेज)
कोनसेटवरून नाही. त्याच्या शेजारी जे दिसतं त्यावरून. हँडल पूर्ण वळलं की जिथे अडतं, तिथे चेसिसच्या गळ्याजवळ एक छोटा लोखंडी स्टॉपर असतो. मोबाइलचा टॉर्च मारून बघ. तो चेपला असेल, वाकला असेल किंवा तिथला रंग बाकी चेसिसपेक्षा नवा असेल, तर कधीतरी हँडल जोरात फिरून आदळलंय. नवीन टाकी आणि नवे स्टिकर लावून घासलेली बाजू झाकता येते, पण हा खुंट बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही.

सुषमा, नेरूळ
मी स्कूटर घेतली होती, तिचं हँडल-बिंडल ठीक होतं. दोन महिन्यांत इंजिन बसलं. आधीच्या पावसात ती पार्किंगमध्ये पाण्यात उभी होती हे नंतर कळलं. मेकॅनिकने ऑइल काढलं तर दुधाळ चहासारखं. कुणीतरी आधीच सांगितलं असतं तर दोन मिनिटांत बघून झालं असतं.

दत्ता, ऐरोली (गॅरेज)
ताई, अगदी बरोबर. अनिकेत, गाडी सपाट जागी सरळ उभी करून ऑइलची पट्टी काढून बघ किंवा काच असेल तर काचेतून बघ. काळं चालेल, दुधाळ नको. फक्त मालकाने आदल्या दिवशी ऑइल बदललं असेल तर त्यातून काही कळत नाही. म्हणून हेडलाइटच्या आतल्या वायरींची टोकं आणि सीटखालचे स्क्रूही बघ, हिरवट किंवा पांढरट पूड धरलेली दिसेल. खाडीकाठी ती थोडीफार सगळ्यांनाच असते, पण टाकीच्या उंचीपर्यंत एकसारखी असेल तर पाणी चढलेलं.

अनिकेत, कळवा
जाऊन आलो. सायलेन्सर थंड होता. पहिल्या स्टार्टला थोडा निळा धूर आला, पाच-सात सेकंद, नंतर नाही. मालकाने चालवली तेव्हाही नाही. ऑइल काळं. हँडल मधोमध किंचित अडकतं. डाव्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचं कडं, मी रुमालाने पुसलं, पुढचा ब्रेक धरून पाच-सहा वेळा दाबलं, तर परत ओलं. उजवा कोरडा. डाव्या बाजूच्या स्टॉपरवर चेप आहे, नखाएवढा. मालक म्हणतो साइड स्टँडवरून पडली होती.

विकी, घणसोली
हँडल अडकतंय आणि सील लीक म्हणजे ॲक्सिडेंटची गाडी. सोड.

दत्ता, ऐरोली (गॅरेज)
विकी, मधली खाच तर खड्ड्यांनीही पडते. सरळ चालताना सगळे दणके त्याच एका जागी बसतात, घोडबंदरने रोज ये-जा करणाऱ्या गाडीला ३४ हजारांत ती पडणं नवल नाही. सीलही जुनं झालं की गळतं, पण एकाच बाजूचं गळतंय आणि चेपही त्याच बाजूला आहे, म्हणून मला नळी बघायची आहे. अनिकेत, गाडीच्या बाजूला गुडघ्यावर बस आणि दोन्ही नळ्या एकामागे एक लपतात का बघ. एक पुढे डोकावली तर एकतर वाकली आहे नाहीतर क्लॅम्पमध्ये पिळली आहे. नळी फक्त पिळली असेल तर क्लॅम्प ढिले करून सरळ होते. वाकली असेल तर बदलायलाच हवी.

दुसरं, दोन्ही टायर ओले करून कोरड्या फरशीवरून गाडी सरळ ढकल. मागच्या चाकाचा ओला पट्टा पुढच्यावर पडायला हवा. आधी मागच्या एक्सेलजवळच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत ना ते बघ, नाहीतर चाकच तिरकं बसवलेलं असेल आणि तू उगाच चेसिसला दोष देशील.

रमेशकाका, नौपाडा
धुराबद्दल माझं चुकलं, ते व्हॉल्व सीलच दिसतंय. पण नखाएवढ्या चेपेसाठी चांगलं इंजिन सोडणं मला पटत नाही. कोनसेट, सील आणि व्हॉल्व सीलची मजुरी धरून चार-पाच हजार कमी करायला सांग आणि घेऊन टाक.

दत्ता, ऐरोली (गॅरेज)
काका, नळी सरळ असेल तर मीही तेच म्हणेन. पट्टे जुळले नाहीत तर मात्र मी ४० हजारांतही घेणार नाही. चेसिसचा गळा सरकला असेल तर तो पुन्हा जागेवर आला की नाही, हे आपल्या गल्लीतल्या गॅरेजला मोजता येत नाही.

विकी, घणसोली
आणि पट्टे जुळले, पण चेप तर आहेच, तेव्हा?

दत्ता, ऐरोली (गॅरेज)
तेव्हा मोकळ्या सर्व्हिस रोडवर ४० च्या वेगाने चालव आणि गाडी सरळ जाताना हँडल सरळ आहे का ते बघ. हात सोडू नकोस, पकड फक्त सैल ठेव. तेही ठीक निघालं तर मी घेईन. तू घेशील की नाही, ते मला सांगता येणार नाही.

अनिकेत, कळवा
उद्या सकाळी सातला परत जातोय, पाण्याची बाटली घेऊन. मालक म्हणाला, इमारतीच्या मागच्या फरशीवर बघा.