मदत हवी आहे: ३६,००० चा लॅपटॉप 'आत्ता घ्या, नंतर भरा' ॲपवर घेऊ की क्रेडिट कार्डावर?

पश्या_नाशिक
धाकट्या बहिणीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवाय. किंमत ३६,०००. सेल उद्या रात्री संपतोय. ॲप ६,००० चे सहा हप्ते दाखवतंय, व्याज ० टक्के. कार्डावर सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय आहे. दोन्हीकडे छुपा खर्च किती आणि स्वस्त काय पडेल, एवढंच सांगा. 'खरंच गरज आहे का' असं लेक्चर नको. गरज आहे.

खडूस_काका
रोख घे. रोख नसेल तर पतसंस्थेत सोनं ठेव आणि घे. आमच्याकडे अर्ध्या तासात काम होतं.

पश्या_नाशिक
काका, घरातलं सोनं आईचं आहे. तो विषय नको.

मुक्ता_क
दोन्हीकडची प्रोसेसिंग फी किती ते लिहा. बँकेचा ईएमआयचा दर किती? आणि कार्डाचं मागचं बिल भरलंय का?

पश्या_नाशिक
ॲप ५९९ अधिक जीएसटी. कार्ड १९९ अधिक जीएसटी. बँकेचा दर १६ टक्के लिहिलाय, पण ते व्याज डिस्काउंट म्हणून आधीच वजा होतं. बिल वेळेवर भरतो, लेट फी एकदाही लागलेली नाही.

रोहन७८
डोळे मिटून ॲप घे. कार्ड वापरलं की सिबिल खाली येतो, ॲपचं सिबिलवर काही दिसत नाही.

मुक्ता_क
रोहन, ते जुनं झालं. पूर्वी बरीच ॲप्स कळवत नव्हती. पण ॲप म्हणजे फक्त दुकानाची पाटी, पैसे देते मागची एनबीएफसी, म्हणजे कर्ज देणारी बिगर-बँक कंपनी, किंवा बँक, आणि ती हे कर्ज म्हणूनच कळवते. काही ठिकाणी तर प्रत्येक खरेदीचं वेगळं कर्ज दिसतं. वर्षभर मोबाइल, बूट, मिक्सर असं घेत गेलात की रिपोर्टवर छोट्या कर्जांची रांग लागते.

पश्या, आता हिशेब. ॲपवर ५९९ आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ७०७ रुपये. व्याज शून्य असलं तरी कर्ज घेताना की फॅक्ट स्टेटमेंट दाखवावं लागतं, त्यात एपीआर, म्हणजे फी धरून वर्षाचा खरा दर, शून्य नसेल, सातच्या आसपास दिसेल. तो आकडा बघा, जाहिरात नको.

कार्डावर डिस्काउंट मिळून बँकेच्या खात्यात कर्ज पडतं साधारण ३४,३७८ चं, उरलेले १,६२२ व्याज. ते व्याज दुकानदाराने सोसलं, पण त्यावरचा जीएसटी तुमच्याच बिलात येतो, २९२ रुपये. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. इथेच 'नो कॉस्ट'ची कॉस्ट लपते. फीचे २३५ धरून एकूण ५२७.

म्हणजे कार्ड १८० रुपयांनी स्वस्त. पण एक राहिलं. 'वेळेवर भरतो' म्हणजे पूर्ण बिल की मिनिमम?

पश्या_नाशिक
मिनिमम. २८,००० च्या आसपास बाकी आहे, दोन-अडीच हजार दर महिन्याला भरतो. पण त्याचा लॅपटॉपशी काय संबंध?

मुक्ता_क
संबंध आहे, आणि लॅपटॉपपेक्षा मोठा. तुमच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के धरू, बिलाच्या मागे छापलेला असतो. २८,००० वर ९८० रुपये, वर जीएसटी १७६. महिन्याला ११५६ जातात. तुम्ही १८० रुपयांचा फरक शोधताय.

शिवाय मागचं बिल अर्धवट असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज धावतं. ईएमआय न करता हेच ३६,००० सरळ स्वाइप केले असते तर पहिल्याच महिन्यात त्यावर दीड हजार लागले असते.

रोहन७८
पण तो ईएमआयच करतोय ना? ईएमआयवर हे व्याज लागत नाही. उगाच घाबरवू नका.

मुक्ता_क
हप्ता थकला नाही तोवर तुझं बरोबर. पण दर महिन्याचा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये पूर्ण मिसळतो, बाकीच्या रकमेसारखे त्याचे फक्त पाच टक्के नाहीत. दोन-अडीच हजारांचं मिनिमम एकदम आठ-साडेआठ हजारांवर जाईल. पश्याला जुन्या सवयीने अडीचच भरायचे असतील तर ते चालणार नाही. कमी पडले की लेट फी, आणि राहिलेल्या हप्त्यावर तेच साडेतीन टक्के.

बाप्पा_ठाणे
रुपे कार्ड यूपीआयला जोडलं की किराणावाल्याकडेही क्यूआर स्कॅन करून चालतं. भारी सोय आहे. लाउंज ॲक्सेससाठी कुठलं कार्ड घ्यावं? कोणी सुचवा.

खडूस_काका
लॅपटॉप बाजूला राहिला, लाउंजमध्ये चहा प्यायला निघाले.

अनघा_पुणे
ॲपचा माझा अनुभव. फ्रीज घेतला, दरवाजा वाकडा निघाला, चौथ्या दिवशी परत केला. दुकानाने रिफंड कर्ज देणाऱ्या कंपनीला पाठवल्याचं सांगितलं, पण ५ तारखेला हप्ता कापलाच. ॲप म्हणे कंपनीशी बोला, कंपनी म्हणे ॲपशी. दुसरा हप्ताही गेला, मग कर्ज बंद झालं. पैसे मिळाले, पण माझा महिना त्यातच गेला. कार्डावर घेतलं असतं तर निदान भांडायला एकच माणूस असता.

मुक्ता_क
अनघाताई, अशा वेळी ॲपशी नाही, करारावर नाव असलेल्या कर्जदात्याकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर जाता येतं. कार्डावर मात्र नियम आहे: बिलाच्या मुदतीआधी रिफंड आला तर तो त्याच बिलात वळता करायचा.

पश्या_नाशिक
थांबा, मी गोंधळलो. म्हणजे ॲप घेऊ?

मुक्ता_क
तुमच्या बाबतीत १८० रुपये जास्त देऊन ॲप बरं, कारण कार्डाचा खड्डा आणखी खोल होणार नाही. पण आधी बँकेला फोन करून २८,००० चा ईएमआय करून घ्या. १८ टक्के दराने बारा महिन्यांचा हप्ता २,५६७ पडतो. वर्षभराचं व्याज २,८०० च्या आसपास, त्यावर जीएसटी ५०० रुपये. आता मिनिममवर चाललंय त्यात तेवढे तीन महिन्यांत जातात. नंतर कार्ड वर्षभर घासू नका, नाहीतर सगळं वाया.

रोहन७८
पर्सनल लोन घेऊन सगळं एकदम फेडलं तर? दर कमी असतो.

मुक्ता_क
असू शकतो, आणि त्याच्या व्याजावर जीएसटीही नाही. पण प्रोसेसिंग फी लागते. पश्याचा पगार-सिबिल बघूनच दर कळेल, इथून सांगता येणार नाही.

पश्या_नाशिक
६,००० अधिक २,५६७, ओढाताण होईल पण जमेल बहुतेक. ॲपचा ई-मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी, ५ तारखेचा येतोय. माझा पगार ७ ला.

मुक्ता_क
हेच आधी सांगायला हवं होतं! ५ ला खात्यात शिल्लक नसेल तर मॅन्डेट बाउन्स होतो आणि दोन जण कापतात: कर्ज देणारा बाउन्स चार्ज घेतो, तुमची स्वतःची बँक मॅन्डेट परत गेल्याचा वेगळा घेते. दोन्ही मिळून हजाराच्या घरात जाऊ शकतं, आणि सहा महिने दर महिन्याला तेच. तुमचे १८० रुपये कुठल्या कुठे.

पश्या_नाशिक
तारीख बदलून मिळते का?

अनघा_पुणे
मला नाही दिली. सही करायच्या आधी विचारा, नंतर ऐकत नाहीत.

खडूस_काका
मागच्या महिन्याच्या पगारातले सहा हजार वेगळ्या खात्यात टाकून ठेव, मॅन्डेट तिथला दे. तारखेची भानगडच नाही.

रोहन७८
काका, पहिल्यांदा कामाचं बोललात.

पश्या_नाशिक
वेगळं खातं आहे, पण त्यात मिनिमम बॅलन्स ठेवावा लागतो. बघतो. सकाळी आधी बँकेला फोन.