‘रिकव्हरी रेट’ला ‘वसुलीचा दर’ म्हणायचं का? (सीडीएसचा प्रीमियम आणि हप्ता)

पानफूल:
एका आर्थिक अहवालाचं मराठी करतेय, त्यात क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपवर, म्हणजे सीडीएसवर, एक आख्खं प्रकरण आहे. वाक्य साधारण असं आहे की अमुक कंपनीच्या बाँडवरचा सीडीएस प्रीमियम वर्षाला 200 बेसिस पॉइंट आहे आणि रिकव्हरी रेट 40 टक्के धरलाय. मी प्रीमियमला ‘विमा हप्ता’ आणि रिकव्हरी रेटला ‘वसुलीचा दर’ लिहिलं. संपादकांनी दोन्हीखाली लाल रेघ मारली, कारण काही दिलं नाही. सीडीएस म्हणजे बाँडचा विमाच ना? मग हप्ता का नको? आणि वसुलीत काय चुकलं?

गणू_स:
प्रीमियमला ‘अधिमूल्य’ हा जुना शब्द आहे की. बाँडची दर्शनी किंमत 100 आणि बाजारात 104 ला मिळतोय तर वरचे 4 म्हणजे अधिमूल्य. तेच लिहा, संपादक खूश होतील.

पानफूल:
नाही हो दादा, तो प्रीमियम वेगळा, तो बाँड विकत घेताना वर मोजायचा. इथे बाँड घेणारा, तो बुडाला तर भरपाई मिळावी म्हणून तिसऱ्याच कुणालातरी दर तीन महिन्यांनी पैसे देतोय.

विमापत्र:
वीस वर्षं विम्याच्या दाव्यांचं काम केलंय म्हणून सांगतो, हा विमाच आहे आणि हप्ता हाच बरोबर शब्द आहे. हप्ता भरत राहायचा, कंपनी बुडाली की विमा देणारा बाँड ताब्यात घेतो आणि दर्शनी किंमत पूर्ण देतो, मग त्या बाँडमधून पुढे जे वसूल होईल ते त्याचं. आमच्याकडे अपघातातली गाडी कंपनी उचलून नेते आणि भंगाराचे पैसे तिला मिळतात, अगदी तसंच. त्यामुळे रिकव्हरी म्हणजे वसुलीच, मला तरी काही चूक दिसत नाही.

रोखेकक्ष:
विमापत्र साहेब, तुम्ही सांगितलीत ती पद्धत खरी आहे, पूर्वी सर्रास तसंच व्हायचं, बाँड द्यायचा आणि 100 घ्यायचे. पण आता बहुतेक सौदे तसे मिटत नाहीत आणि पानफूलताईंच्या दोन्ही शब्दांची अडचण तिथेच आहे. मी या बाजारात बरीच वर्षं काम केलंय, जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब घ्या. तुमच्याकडे एक कोटी डॉलर दर्शनी किमतीचा बाँड आहे, 100 ला घेतलेला. 200 बेसिस पॉइंटने संरक्षण घेतलं म्हणजे वर्षाला 2 टक्के, 2 लाख डॉलर, ते साधारण 50,000 असे तिमाहीला जातात. (दिवस मोजून 360 ने भागतात त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, ते सोडून देऊ.) दोन वर्षं नीट चाललं, तुमचे चारेक लाख गेले. मग शेवटच्या हप्त्यानंतर 45 दिवसांनी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हप्ते तिथे थांबतात, पण या 45 दिवसांचे 25,000 तुम्ही अजून देणं लागता. हे विसरलं की हिशोब जुळत नाही आणि नवीन माणूस हमखास विसरतो.

आता समजा रिकव्हरी 35 ठरली. तर संरक्षण विकणारा तुम्हाला 100 वजा 35 म्हणजे 65 टक्के, 65 लाख देतो, त्यातून ते 25,000 वळते होतात. बाँड तुमच्याकडेच राहतो, तो 35 ला विकलात की 65 आणि 35 मिळून मूळ एक कोटी परत आले. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की हे 35 ठरवलं कोणी. कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायला कित्येक वर्षं लागतात, तेवढं थांबायला सीडीएसवाल्यांना वेळ नसतो. म्हणून दिवाळखोरीनंतर साधारण महिन्याभरात त्या बाँडांचा लिलाव होतो आणि त्यात जो भाव निघतो त्यालाच रिकव्हरी म्हणतात. तेव्हा कोणी काही ‘वसूल’ केलेलं नसतं, बुडालेल्या कागदाला त्या दिवशी बाजाराने दिलेली ती किंमत असते.

पानफूल:
म्हणजे कर्जवसुलीतली वसुली नाहीच ही. एखादं खरं उदाहरण द्याल का, अहवालात तळटीप टाकता येईल.

रोखेकक्ष:
लेहमन ब्रदर्सचं घ्या. 15 सप्टेंबर 2008 ला दिवाळखोरीचा अर्ज, 10 ऑक्टोबरला लिलाव. आधी मोठ्या डीलर बँका खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव देतात, त्यातून एक मधला भाव काढतात, तो आला 9.75. सोबतच ज्यांना बाँड खरोखर द्यायचेत किंवा घ्यायचेत ते आपापल्या मागण्या नोंदवतात. लेहमनच्या वेळी विकणारे खूप जास्त निघाले, मग दुसऱ्या फेरीत तेवढा माल उचलणारे शोधेपर्यंत भाव घसरून 8.625 वर थांबला. तोच शेवटचा. म्हणजे संरक्षण विकणाऱ्याने शंभरामागे 91.375 दिले.

आणि तुमच्या शब्दाच्या दृष्टीने पुढचा भाग बघा. लेहमनच्या साध्या बाँडधारकांना दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून 2012 पासून टप्प्याटप्प्याने पैसे मिळत गेले आणि एकूण रक्कम 8.625 च्या कितीतरी पट झाली. ती झाली खरी वसुली. सीडीएसचा हिशोब मात्र 8.625 वरच संपला होता, तो कुणी परत उघडला नाही. एकाच बाँडच्या दोन वेगळ्या गोष्टींना तुम्ही एकच शब्द वापरलात तर वाचणारा नक्की गोंधळेल, तुमच्या संपादकांनी रेघ ओढली ती माझ्या मते बरोबर ओढली.

विमापत्र:
हे लिलावाचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण मग बाँड देऊन पैसे घ्यायची जुनी पद्धत मोडीत का काढली? ती तर जास्त सरळ आहे.

रोखेकक्ष:
कारण सीडीएस घ्यायला बाँड जवळ असावा लागत नाही. तुमच्या विम्याशी त्याची सगळ्यात मोठी फारकत इथे आहे, दुसऱ्याच्या गाडीचा विमा मी माझ्या नावावर काढू शकत नाही, इथे काढता येतो. त्यामुळे एखाद्या कंपनीचे बाँड थोडे आणि त्यावरचे सीडीएस कित्येक पट, असं होतं. 2005 मध्ये डेल्फी ही गाड्यांचे भाग बनवणारी कंपनी दिवाळखोर झाली तेव्हा हेच झालं, सगळ्यांना देण्यासाठी बाँड हवे होते आणि बाजारात तेवढे नव्हतेच, त्यामुळे कंपनी बुडालेली असताना तिचे बाँड वर चढले. समजा कोणाला 80 च्या चढलेल्या भावाने बाँड विकत घेऊन मग 100 मिळणार असतील, तर त्याच्या हातात 20 च उरतात. लिलावात सगळ्यांसाठी एकच भाव, बाँड नसला तरी फरक रोखीत मिळतो. एप्रिल 2009 पासून हे करारांमध्येच बसवलंय.

बाँडवाल्याचंही नुकसान नाही, त्याने आपला बाँड लिलावातच विकायला टाकला तर लेहमनच्या वेळी 8.625 तिकडून आणि 91.375 इकडून, बरोबर शंभर.

साधा_माणूस:
माझा एक बाँड फंड आहे, त्यातल्या एका कंपनीने व्याज थकवलं आणि एका दिवसात फंडाची किंमत खाली आली. हे सगळं वाचून वाटतंय की मला 65 टक्के कुठूनतरी यायला हवे होते, कोणाकडे अर्ज करायचा?

रोखेकक्ष:
नाही हो, सीडीएस हा दोघांमधला वेगळा करार असतो, बाँडसोबत आपोआप येत नाही. तुमच्या फंडाने त्या कंपनीवर संरक्षण विकत घेतलं असेल तरच पैसे येतील आणि ते फंडाकडे येतील. फंडाच्या मासिक तपशिलात डेरिव्हेटिव्हचा रकाना असतो तिथे बघा. तिथे काही नसेल तर तुमची वाट लिलावाची नाही, खऱ्या वसुलीची आहे, आणि ती लांबची असते.

गणू_स:
मग मुळात ‘विमा’ हा शब्दच काढून टाका ना. बाँड जवळ नसताना घेतलेला विमा ही पैज झाली.

विमापत्र:
मला पटत नाही. ज्याच्याकडे बाँड आहे त्याच्यासाठी तो विमाच राहतो, दुसरा कोणी त्याची पैज करतो म्हणून पहिल्याचा शब्द का हिरावून घ्यायचा? हं, एक मात्र आहे, विम्यात नुकसान जेवढं झालं तेवढीच भरपाई असं तत्त्व असतं. बाँड 80 ला घेतलेल्याला पण इथे 65 च मिळतील, जरी त्याचं नुकसान 45 चं असलं तरी. म्हणून मी ‘नुकसानभरपाई’ लिहिणार नाही. ‘संरक्षण’ चालेल.

पानफूल:
हा फरक छान सापडला. मग हप्त्याचं काय करू?

रोखेकक्ष:
‘हप्ता’ बोलताना आम्हीही म्हणतो, पण अहवालातले 200 हे प्रत्यक्ष भरायची रक्कम असतीलच असं नाही. 2009 नंतर भरणा ठरावीक असतो, वर्षाला 100 किंवा 500 बेसिस पॉइंट, आणि बाजाराचा भाव जेवढा वेगळा असेल तेवढा फरक सुरुवातीलाच एकदम द्यायचा. त्याच एक कोटीच्या पाच वर्षांच्या करारात भाव 200 आणि भरणा 100 असेल तर वर्षाला एक लाख आणि वर सुरुवातीला साधारण साडेचार लाख. म्हणून 200 ला मी ‘संरक्षणाचा भाव’ म्हणेन आणि तिमाहीला जातात त्यांना ‘हप्ता’.

आणि तुमच्या वाक्यातले 40 हेही तपासा. ते लिलावातून आलेले नाहीत, कंपनी अजून जिवंत आहे, ते फक्त गृहीत धरलेत, आधी देणं मिळणाऱ्या साध्या कर्जासाठी बाजारात तसा रिवाज आहे. 200 चा भाव आणि 40 रिकव्हरी धरली तर बुडण्याची शक्यता वर्षाला 2 भागिले 0.6, सुमारे 3.3 टक्के निघते. तेच 20 धरलं तर अडीच टक्के. एकच भाव आणि शक्यता दोन, त्यामुळे ‘गृहीत’ हा शब्द गाळू नका, काहीही झालं तरी.

गणू_स:
मग दोन शब्द लागतील, आधीचं ‘गृहीत शेषमूल्य’ आणि नंतरचं ‘लिलावमूल्य’.

पानफूल:
‘शेषमूल्य’ यंत्रांच्या घसाऱ्यात वापरतात ना, परत तोच गोंधळ.

विमापत्र:
आमच्याकडे ‘भंगारमूल्य’ आहे, अर्थ चपखल बसतो पण ग्रीसच्या सरकारी बाँडला भंगार कसं लिहिणार. त्यांचं 2012 मध्ये झालं होतं ना असंच काही?

रोखेकक्ष:
हो, 19 मार्च 2012 ला लिलाव, 21.5 निघाले, म्हणजे 78.5 द्यावे लागले. आणि तिथे ‘डिफॉल्ट’ला ‘कर्ज थकणं’ लिहिलंत तर तेही चुकेल, कारण करार लागू झाला तो हप्ता चुकला म्हणून नाही, कर्जाची पुनर्रचना बाँडधारकांवर सक्तीने लादली म्हणून. त्यामुळे डिफॉल्टला पण एक शब्द शोधायचा राहिलाच.

पानफूल:
‘पतभंग’? थकणं, बुडणं, लादलेली पुनर्रचना, तिन्ही त्यात बसतात असं वाटतंय. रिकव्हरीला सध्या ‘रिकव्हरी’च ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे लेहमनची तळटीप देते. कोणाला याहून बरा शब्द सुचला तर सांगा, मजकूर पुढच्या आठवड्यात जातोय.