मदत हवी आहे: सभेत विरोध झाला, इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते मंजूर’. आता काय करावं?

पर्वरीवासी
आमची २४ फ्लॅटची सोसायटी. पावसाळ्यात गच्ची गळते म्हणून गेल्या वार्षिक सभेत वर पत्रे घालायचं ठरलं. चांगली तासभर वादावादी झाली, पाच जणांनी हात वर करून विरोध केला. नंतर सेक्रेटरी बदलले आणि वही माझ्याकडे आली. तिच्यात एवढंच आहे: ‘गच्चीवरील पत्र्यांबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर. कमिटीने पुढील कारवाई करावी.’

आता विरोध केलेले म्हणतात, आमचं मत नोंदवलंच नाही, पैसे देणार नाही. तळमजल्यावरचे म्हणतात, वर्गणी फ्लॅटच्या क्षेत्रफळावर ठरली होती. वरचे म्हणतात, सगळ्यांना सारखी. कोटेशन कोण आणणार तेही लिहिलेलं नाही. ते पान दुरुस्त करता येईल का? आणि पुढच्या सभेत नेमकं कसं लिहू?

म्हापसेकर
सोपं आहे. अध्यक्षांची सही घेऊन पान नव्याने लिहून चिकटवा. नाहीतर पुढच्या वेळी मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, वादच मिटला.

जुना_सेक्रेटरी
म्हापसेकर, पान चिकटवू नका हो. उद्या प्रकरण सहकार निबंधकांकडे गेलं तर पहिला प्रश्न त्या पानावरच येईल. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. रेकॉर्डिंग जरूर करा, पण आधी सभेला सांगून. आणि त्याचा उपयोग लिहिताना. तीन तासांच्या गोंगाटात हात किती वर झाले ते ऐकू येत नाही.

पर्वरीवासी, आधी बघा, हे इतिवृत्त सभेने कायम केलंय का. केलं नसेल तर पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ या विषयावेळी दुरुस्ती मांडा: ‘ठराव सर्वानुमते नव्हे, बहुमताने मंजूर झाला, पाच सदस्यांचा विरोध होता.’ ही दुरुस्ती नव्या सभेच्या इतिवृत्तात जाते, जुनं पान जसंच्या तसं राहतं. तिथे प्रश्न एवढाच असतो की झालं ते बरोबर लिहिलंय का. ‘पत्रेच नकोत’ अशी चर्चा कोणी सुरू केली तर अध्यक्षांनी थांबवावी; त्यासाठी नोटिशीत वेगळा विषय लागतो.

वर्गणीचं मात्र दुरुस्तीत घुसडू नका. सभेत ते स्पष्ट ठरलं होतं असं सगळ्यांनाच आठवत नसेल, तर तो नवा ठराव. साधारण असा:

‘ठराव ४: गच्चीवर पत्रे घालण्याचे काम जास्तीत जास्त ४,८०,००० रुपयांत करावे. सर्व २४ फ्लॅटधारकांनी प्रत्येकी २०,००० रुपये ३० नोव्हेंबरपर्यंत भरावेत. तीन कोटेशन खजिनदारांनी १५ ऑक्टोबरपर्यंत कमिटीपुढे ठेवावीत. कामावर देखरेख बी-३ चे सदस्य करतील. सूचक ए-२, अनुमोदक बी-५. मतदानावेळी हजर २१. बाजूने १४, विरोधात ५, तटस्थ २. बहुमताने मंजूर.’

आकडे तुमचे घाला. पण मत घेण्याआधी हा मजकूर मोठ्याने वाचा, मगच हात वर करायला सांगा. बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात: लोक चर्चेवर मत देतात आणि ठराव सेक्रेटरी घरी जाऊन लिहितो. दुसरं, बेरीज जुळवा. हजेरीपटावर २३ सह्या आणि मतं २१ असतील तर ‘दोन सदस्य मतदानापूर्वी निघून गेले’ असं तिथेच लिहा. नंतर नेमके तेच दोघे विचारतात, आमचं मत कुठे गेलं.

फोंड्याची_सून
आमच्याकडे तर नवरा सभेला गेला, फ्लॅट माझ्या नावावर. त्याचं मत मोजलं! पार्किंगचा ठराव एका मताने पास झाला. तो रद्द होतो का?

जुना_सेक्रेटरी
ताई, हा वेगळा धागा काढण्यासारखा विषय आहे. तुमच्या उपविधीत सहसदस्य आणि प्रतिनिधीबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. पर्वरीवासींसाठी यातून एवढं घेण्यासारखं: हजेरीपटावर सही घेतानाच फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते ताडून बघा.

मडगावची_मीना
विरोध करणाऱ्यांची नावं लिहावीत असं मला वाटतं. आमच्याकडे आकडाच होता, तर पुढे आठ जण म्हणायला लागले, आम्ही विरोधात होतो.

जुना_सेक्रेटरी
जो मागेल त्याचं नाव त्याच्या आक्षेपासह एका ओळीत लिहावं. सरसकट सगळ्यांची नावं घातली की लोक हात वर करायला कचरतात, असा माझा अनुभव.

मडगावची_मीना
पटत नाही. पैशाच्या ठरावावर तरी नावं हवीतच.

म्हापसेकर
महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत याचा नमुना असेल ना?

जुना_सेक्रेटरी
असेल, पण आपल्याला तो लागू नाही. गोव्याचा सहकारी संस्था कायदा स्वतंत्र आहे, २००१ चा. शिवाय तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी.

पर्वरीवासी
देव बरें करूं. वही पाहिली, इतिवृत्त कायम झालेलं नाही. दुरुस्ती आणि वर्गणी असे दोन वेगळे विषय नोटिशीत घालतो. एकच अडचण: तीन जणांनी २०,००० आधीच भरलेत आणि क्षेत्रफळाचा हिशेब मंजूर झाला तर त्यांतल्या दोघांना परत द्यावे लागतील. हे त्याच ठरावात लिहू की वेगळ्या?