मंत्री, सचिव, कुलपती : स्वागतपर भाषणातली सीमाभागातली गफलत

मलप्रभाकाठ : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी काम करतो. पुढच्या आठवड्यात नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. साहेब स्वागतपर भाषण आधी कन्नडमध्ये आणि मग दोन मिनिटं मराठीत करणार आहेत. मराठीचा कागद माझ्याकडे आला. पत्रिका कन्नडमध्येच छापली असल्यामुळे मी तिच्यातली पदं जशीच्या तशी उचलली आणि लिहिलं, ‘सन्माननीय सचिव, सन्माननीय शासक, सन्माननीय कुलपती, आपणा सर्वांना मी स्वागत करतो.’ साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, ‘हे मी बोललो तर मंत्री भाषण संपायच्या आत गाडीत बसतील.’ नेमकं चुकलं काय? सगळे शब्द तर मराठीच वाटतात.

टिळकवाडी : मराठी वाटतात, तिथंच घात झालाय. कन्नडमध्ये सचिव म्हणजे मंत्री. आपल्याकडे सचिव म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचा सनदी अधिकारी, ज्याला कन्नडमध्ये कार्यदर्शी म्हणतात. म्हणजे तुम्ही मंत्रिमहोदयांना एका वाक्यात दोन पायऱ्या खाली उतरवलंत. ‘जिल्हा उस्तुवारी सचिव’ असं छापलं असेल, तर मराठीत ‘पालकमंत्री’ म्हणा. ‘शासक’ तिकडे आमदार, आपल्याकडे राज्यकर्ता. समोरच्या पोरांना वाटेल, कुठल्या तरी संस्थानाचे राजे आलेत. ‘संसदरु’ म्हणजे खासदार, तिथं फारसा धोका नाही.

पण सगळ्यात मोठी गंमत कुलपतींची आहे. कन्नडमध्ये विद्यापीठाच्या व्हाइस चॅन्सेलरना कुलपती म्हणतात आणि चॅन्सेलरना कुलाधिपती. मराठीत कुलपती म्हणजे चॅन्सेलर, आणि राज्याच्या विद्यापीठात ते पद राज्यपालांकडे असतं. तुमच्याकडे येणारे आहेत कुलगुरू. ‘कुलपती आले आहेत’ असं ऐकून मराठी वार्ताहर राज्यपाल कुठे बसलेत ते शोधत बसेल.

निपाणीवाला : पदांचं ठीक. पण क्रमाचं काय? त्यासाठी केंद्र सरकारचा अग्रक्रमाचा तक्ता आहे. त्यात राज्याचे कॅबिनेट मंत्री स्वतःच्या राज्यात 15 व्या स्थानी, खासदार 21 व्या. तक्ता समोर ठेवायचा आणि त्याप्रमाणे नावं घ्यायची. वाद संपला.

टिळकवाडी : तक्ता खरा आहे, पण तो शासकीय आणि औपचारिक समारंभांत कोण कुठे बसणार यासाठी. संस्थेच्या कार्यक्रमात तो पूर्ण पुरत नाही. आमदारांना त्या तक्त्यात जागाच नाही आणि मठाच्या स्वामीजींनाही नाही. आता यांच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद बहुधा स्थानिक आमदारांकडेच असणार, इकडे तसा रिवाज आहे. मग तक्त्यावर नसलेला माणूस अध्यक्ष! त्याला शेवटी ढकलणार का? क्रम पत्रिकेतल्या भूमिकेवरून लावायचा : अध्यक्ष, उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे. प्रमुख पाहुण्यांत तीनचार जण असतील, तर त्यांच्यात आपापसात पदाच्या मानानं क्रम लावा. खासदार, मग कुलगुरू, मग जिल्हाधिकारी, हा क्रम कुणाला खुपणार नाही.

हलगेकर आजोबा : स्वागताध्यक्षांचं नाव आधी यायला हवं. आमच्या वेळच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष सगळ्यांत मोठा माणूस असे.

मलप्रभाकाठ : आजोबा, इथं स्वागताध्यक्ष नाहीतच. स्वागत खुद्द संचालक करणार आहेत. आणि त्यांनाच पत्रिकेत ‘निर्देशकरु’ छापलंय. मराठीत निर्देशक लिहू?

घटप्रभा : नको. मराठीत ‘संचालक’ लिहा. पण मी गोकाकचा, तिकडे संचालक म्हटलं की लोकांना आधी सोसायटीचं किंवा कारखान्याचं संचालक मंडळ आठवतं. शिवाय कन्नडमध्ये ‘संचालक’ म्हणजे निमंत्रक. निवेदिकेला दोन्ही भाषा येत असतील, तर गोंधळ घालायला ती मोकळी. ‘संस्थेचे संचालक’ असं पूर्ण म्हणा. बाकी साहेब स्वतःच बोलणार, तर त्यांनी स्वतःचं पद घ्यायचंच कशाला?

कंग्राळीची ताई : माझा अनुभव सांगते. आमच्या गावच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. कागदावर स्वामीजींच्या नावाआधी ‘नि.प्र.’ असं होतं. मला वाटलं नावाची आद्याक्षरं असतील. ‘एन. पी. स्वामीजी’ असं मोठ्यानं वाचलं! मागून कुणीतरी ओरडलं, ‘काय वाचूलाय गं!’ नंतर कळलं, ते निरंजन प्रणवस्वरूपी, म्हणजे स्वामीजींची उपाधी. तेव्हापासून कन्नड कागद हाती आला की आधी मठातल्या कुणाकडून तरी वाचून घेते.

मलप्रभाकाठ : हे बरं सांगितलंत. आमच्या पत्रिकेत ‘दिव्य सान्निध्य’ म्हणून स्वामीजींचं नाव सर्वांत वर आहे. त्यांना अध्यक्षांच्या आधी घ्यायचं की नंतर?

निपाणीवाला : नंतर. अध्यक्षांच्या आधी कुणीही नाही, हा मराठी सभेचा दंडक.

घटप्रभा : आमच्या भागात स्वामीजींना मागे ठेवून दाखवा बरं. पत्रिकेत ज्याचं नाव वर, त्याचं नाव आधी.

टिळकवाडी : माझ्या मते दोन्ही साधता येतं, कारण संबोधन वेगळं आणि स्वागत वेगळं. संबोधनात नावं नकोतच, नुसत्या भूमिका घ्या. नावं स्वागताच्या वेळी एकदाच. नऊ पाहुणे असतील आणि प्रत्येकाचं पदासकट नाव दोनदा घेतलंत, तर दोन मिनिटं तिथंच जातात. आणि एक व्याकरणाचं : ‘सर्वांना स्वागत करतो’ हे कन्नडच्या वळणाचं आहे. तिकडे ‘अवरन्नु स्वागतिसुत्तेने’ म्हणतात, म्हणून आपल्या तोंडी ‘ना’ येतो. मराठीत ‘सर्वांचे स्वागत करतो’.

मलप्रभाकाठ : मग हे बघा.

‘सन्माननीय समारंभाध्यक्ष, उद्घाटक मंत्रिमहोदय, पूज्य स्वामीजी, व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित पालक व विद्यार्थी मित्रहो, आजच्या समारंभास आशीर्वाद देण्यासाठी लाभलेले पूज्य स्वामीजी यांचे मी संस्थेच्या वतीने स्वागत करतो. समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मतदारसंघाचे आमदार यांचे स्वागत करतो. उद्घाटनासाठी वेळ काढून आलेले जिल्ह्याचे पालकमंत्री यांचे स्वागत करतो.’ पुढे खासदार, कुलगुरू, जिल्हाधिकारी, आणि शेवटी आमचे संस्थाध्यक्ष. जिथं पद आहे तिथं पुढे नाव भरायचं.

टिळकवाडी : ‘संस्थाध्यक्ष’ आणि ‘समारंभाध्यक्ष’ वेगळे ठेवलेत, हे चांगलं केलंत. नुसतं ‘अध्यक्ष’ म्हटलं की दोघंही मान हलवतात. संस्थाध्यक्षांना शेवटी ठेवणंही बरोबर, ते यजमान आहेत. फक्त ‘आशीर्वाद देण्यासाठी लाभलेले’ हे जमत नाही. सान्निध्य लाभतं, माणूस येतो. ‘आशीर्वाद देण्यासाठी आलेले’ करा.

कंग्राळीची ताई : आणि हार, शाल, फळांची बुट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलींना हाच कागद द्या. पत्रिका दिलीत तर त्या पत्रिकेच्या क्रमानं चालतील. आमच्याकडे आमदारांचं नाव पुकारलं आणि शाल जिल्हाधिकाऱ्यांच्या खांद्यावर पडली होती.

निपाणीवाला : तरीही स्वागतात स्वामीजी अध्यक्षांच्या आधी, हे मला पटलेलं नाही.

मलप्रभाकाठ : साहेबांना विचारलं. ते म्हणाले, आमदार स्वतःच स्वामीजींच्या पाया पडून मग खुर्चीत बसतात. कागद असाच राहू दे.